तिसऱ्या बोटाशी अडलेली गोष्ट

बोळेमामाचा एकही फोटो माझ्याजवळ नाही. कुणाजवळच नसेल. फोटो काढायला माणसं ओळीत उभी राहायची, तेव्हा हा कुणाच्या तरी गुडघ्यावर वाकलेला असायचा. आमच्या गावच्या दवाखान्यात तो ड्रेसर होता, म्हणजे जखमा धुवायच्या, मलम लावायचं, पट्ट्या बांधायच्या. सुतार कानावर पेन्सिल ठेवतो तसा हा कानावर कापसाचा बोळा ठेवायचा, म्हणून बोळेमामा. खरं नाव पगाराच्या दिवशी पोस्टमनला ठाऊक असायचं, बाकी कुणाला नाही.

त्याची एक गोष्ट मी पन्नास वर्षं सांगत आलो. लग्नाच्या पंगतीत सांगितली, दाढी करताना न्हाव्याला सांगितली, मुलाला सांगितली, नातीला तर घासाघासाला सांगितली. ऐकणारा कधी कंटाळला नाही, कारण गोष्टच तशी होती. फक्त तिच्यात बोळेमामाच्या जागी मी होतो.

हे आज लिहितोय ते नातीच्या परीक्षेपायी. म्हणून आधी तिचं सांगतो.

माझी नात नर्स आहे. सहा वर्षं एकाच इस्पितळात, त्यातली चार हाडांच्या वॉर्डात. तिथे बाकी कशाहीपेक्षा माणसं उचलायचं काम जास्त. उंचीने माझ्या खांद्याला लागते, पण नव्वद किलोचा गडी खाटेवरून खुर्चीत असा बसवते की गड्याला वाटावं आपणच उठलो. तिला परदेशातल्या एका इस्पितळातून बोलावणं आलं. सगळं जमलं, अडलं एकाच ठिकाणी. इंग्रजीची परीक्षा. लिहिण्या-वाचण्यात हवे तेवढे गुण मिळाले, ऐकण्यात जास्तच मिळाले, बोलण्यात हवे होते सात आणि आले साडेसहा. अर्ध्यासाठी अडकली. तिकडच्या इस्पितळाने सांगितलं, महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवतो, पुढे नाही.

"एवढं बोलतेस घरात," मी म्हटलं, "तिथेच वाचा बसली?"

"घरात कार्ड नसतं, आजोबा."

तर हे कार्ड. परीक्षक समोर बसतो, आधी इकडचं तिकडचं विचारतो, मग एक कार्ड हातात देतो. त्यावर एक विषय आणि त्याखाली तीनचार मुद्दे. सोबत कागद आणि पेन्सिल. विचार करायला एक मिनिट, मग एकटीने बोलत राहायचं, एक ते दोन मिनिटं. मध्ये कुणी हं सुद्धा म्हणत नाही. दोन मिनिटं झाली की परीक्षकच थांबवतो, एखाददुसरा प्रश्न विचारतो आणि पुढे जातो. मी म्हटलं, दोन मिनिटं म्हणजे काय, मला तर दोन मिनिटं खाकरायला लागतात. पण ती एक मिनिट दहा सेकंदांना गप्प झाली होती. "परीक्षक माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. पन्नास सेकंद एवढी लांब असतात हे मला सलाइन लावतानासुद्धा कळलं नव्हतं."

म्हणून तिने क्लास लावला. दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली, खाली झेरॉक्सचं दुकान, जिन्यात चपलांचा ढीग. ड्यूटीवरून ती थेट तिकडे जायची आणि मी घरून डबा घेऊन जायचो. डबा हे निमित्त. मला तिथे बसायला आवडायचं. मागच्या बाकावर बसून राहायचो. पहिल्या आठवड्यात मॅडमनी माझ्या हाती घड्याळ दिलं, "आजोबा, बसलाच आहात तर वेळ तरी लावा." झालं, पोरांनी मला टायमर आजोबा करून टाकलं. विशीतल्या पंचविशीतल्या वीस पोरापोरींना मी "थांब!" म्हणायचो आणि ती थांबायची. एवढी सत्ता मला माझ्या घरात कधी मिळाली नाही.

मॅडम बाई हुशार. चष्मा डोक्यावर, खडू हातात, आणि जिभेला धार. त्यांनी बोलण्यासाठी एक सोपा साचा बसवून दिला होता, चार बोटांचा. पहिलं बोट, कोण. दुसरं, ओळख कशी. तिसरं, एक प्रसंग. चौथं, त्यामुळे माझ्यात काय बदललं. "मिनिटभरात कागदावर वाक्य लिहू नका. वाक्य लिहायला बसलात तर मिनिट संपतं आणि वाक्य तसंच राहतं. प्रत्येक बोटापुढे दोन शब्द, तीन शब्द, बस. पहिली दोन बोटं पटकन आटपा. तिसऱ्यावर बसा. दोन मिनिटांतलं निम्मं बोलणं तिसऱ्या बोटावर. आणि प्रसंग एकच! डोळ्यांनी काय दिसलं, कानांनी काय ऐकलं, हाताला काय लागलं. एवढं असलं की जीभ आपोआप चालते."

मी मागून मान डोलवायचो. गोष्ट सांगायची कशी हे मला कुणी शिकवावं, असं मनात म्हणायचो.

त्या दिवशी फळ्यावर विषय लिहिला होता, तुमच्यावर प्रभाव टाकणारी व्यक्ती. मॅडम म्हणाल्या, "हे कार्ड हमखास फिरत असतं. आणि सगळे त्यात आपटतात. मागच्या बॅचला अकरा जणांनी एकच मुख्याध्यापक सांगितला. शिस्तप्रिय, प्रेमळ, पहाटे उठणारा. गाइडमधला! परीक्षकाला वाटलं असेल, या गावात एकच शाळा आणि एकच मास्तर. पाठ केलेलं त्यांना लगेच कळतं, आणि कळलं की गुण गेले."

नात मागे वळून माझ्याकडे बघून हसली. मला तेव्हाच कळलं ती कुणावर बोलणार ते. छाती फुगली माझी, खोटं कशाला सांगू. आणि त्याच क्षणी मी डब्याचं झाकण उगाच उघडून पुन्हा लावलं.

ती गोष्ट अशी. मी सांगायचो तशी सांगतो. मी वीस वर्षांचा, लाकडाच्या वखारीत कामाला. खडीच्या खाणीतला एक मजूर रक्त ओकून पडला. दवाखान्यात डॉक्टर मंगळवार-शुक्रवारचाच, तो दिवस गुरुवार. मोठं इस्पितळ अडीच मैलांवर, रस्ता खणून ठेवलेला, मोटार येईना. त्याला क्षय झालाय म्हणून कुणी हात लावेना. तेव्हा मी त्याला पाठीवर घेतला आणि भर दुपारी चालत नेऊन इस्पितळात पोचवला. माणूस जगला.

नात पाच वर्षांची असताना म्हणाली होती, "आजोबा, मी पण उचलणार." आणि ती उचलायला गेली.

घरी सराव सुरू झाला. स्वयंपाकघरात ती ओट्याला टेकून उभी, मी पाटावर घड्याळ घेऊन. मला इंग्रजी येत नाही, पण माझीच गोष्ट, त्यामुळे कुठल्या वळणावर आहे ते समजायचं. पहिलं बोट झोकात. दुसरं झोकात. तिसऱ्यावर आली की गाडी खडबडायची. एक मिनिट बारा सेकंद. एक मिनिट नऊ. एक मिनिट पंधरा.

"आजोबा, मला अजून सांगा ना. बारीकसारीक. वाटेत कुठे टेकलात?"

"एका झाडाखाली."

"कसलं झाड?"

"वडाचं." दुसऱ्या दिवशी मी चिंचेचं म्हणालो.

"तो काही बोलला का?"

"माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, तू देवासारखा आलास."

ती थांबली. "पाठीवरचा माणूस तोंडाकडे कसा बघेल?"

"मान वळवून बघितली असेल."

"अर्धा बेशुद्ध माणूस मान वळवत नाही, आजोबा. मान खांद्यावर टाकतो. ओली होते आपली मान." आणि हसली. "पन्नास वर्षं झाली, तुम्ही तरी काय काय लक्षात ठेवणार!"

वय झालं की एक सोय असते, माणसं आपल्या थापांना विसरणं समजतात. मी ती सोय घेतली.

परीक्षेला चार दिवस राहिले तेव्हा मॅडमनी सगळ्या वर्गासमोर खरी परीक्षा असते तशी परीक्षा घेतली. टेबल, दोन खुर्च्या, कागद, पेन्सिल. घड्याळ माझ्याकडे. नातीला कार्ड दिलं तेच. तिने मिनिटभरात चार ओळींत चार शब्द लिहिले आणि बोलायला लागली. कोण, कसं, सरळ गेलं. मग तिसरं बोट. ती खाण म्हणाली, रक्त म्हणाली, पाठ म्हणाली, इस्पितळ म्हणाली, आणि संपलं. एक मिनिट अकरा. मी घड्याळाकडे बघत राहिलो, कारण दुसरीकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "इंग्रजी चांगलं आहे. पण हे बनवलेलं आहे."

"नाही मॅडम."

"बाई गं, मी बावीस वर्षं ऐकतेय. पाठीवर एवढा मोठा माणूस आणि तुझ्या बोलण्यात घाम नाही? उन्हातून चालला, पाय भाजले नाहीत? हिरो छान आहे, पण पोकळ आहे. परीक्षक असाच बघेल तुझ्याकडे. दुसरी व्यक्ती घे. तुझी खरीखुरी."

नातीचे कान लाल झाले. वॉर्डात सर्जन ओरडला तरी ती अशी होत नाही. "मॅडम, हे खरं आहे. मी याच गोष्टीमुळे नर्स झाले. आजोबा बसलेत ना मागे, विचारा त्यांना!"

वीस माना मागे वळल्या. एक पोरगा तर बाकावर गुडघा टेकवून बघायला लागला.

"काय आजोबा?" मॅडम म्हणाल्या, आता मऊ आवाजात. "खरं आहे?"

मला तिथे नाही म्हणता आलं असतं. जास्तीत जास्त काय झालं असतं? म्हातारा फजीत झाला असता. पण नातीच्या चेहऱ्यावर असा विश्वास होता, आणि पोरं अशी बघत होती, की माझ्या तोंडातून सवयीने निघून गेलं, "हो. खरं आहे."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाकावर गुडघा टेकवलेला तो पोरगा म्हणाला, "टायमर आजोबा, छुपे रुस्तम!" मॅडमनी हात जोडले. "माफ करा हं, आजोबा. मग हिला जरा नीट सांगा की सगळं! तुमच्याजवळ एवढं आहे आणि पोरगी उपाशी."

टाळ्या मी आयुष्यात थोड्याच ऐकल्या. त्या दिवशी प्रत्येक टाळी कानशिलाखाली बसली.

घरी जाताना बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. म्हणाली, "माझीच चूक आहे, आजोबा. गोष्ट तुमची एवढी चांगली आणि मला सांगता येत नाही." असं म्हणून तिने डोळे पुसले. माझ्या खोटेपणाचं ओझं ती स्वतःच्या अंगावर घेत होती. उचलायची सवयच तिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गणवेशाला इस्त्री करत होती. मुलगा-सून कामावर गेलेली. मी दारात उभा राहिलो. तीनदा आत आलो, तीनदा पाणी पिऊन बाहेर गेलो.

"पोट बिघडलंय का?" तिने विचारलं.

"त्याला मी नेलं नाही," मी म्हणालो.

"कुणाला?"

"खाणीतल्याला. मी नेलं नाही. दुसऱ्याने नेलं."

तिने इस्त्री उभी केली. मग मीच बोलत सुटलो.

बोळेमामा वखारीत आला तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. हातगाडी मागायला आला होता. लाकडं पोचवायची हातगाडी माझ्याच ताब्यात असायची. खाणीतला रक्त ओकतोय हे गावभर झालं होतं. बोळेमामा म्हणाला, "गाडी दे, आणि जमलं तर एका बाजूने धर. खड्ड्यात एकट्याला आवरणार नाही." मी म्हणालो, "चाक मोडलंय." गाडी माझ्या पाठीमागेच उभी होती. दोन्ही चाकं धड. त्याने माझ्या खांद्यावरून चाकाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "बरं." एवढंच. टोमणा नाही, शिवी नाही. शिवी दिली असती तर मी आज सुटलो असतो.

मी दार लावून घेतलं आणि फटीतून बघत बसलो. दवाखाना समोरच होता. तो मजूर पायरीवर बसवलेला, मान लोंबलेली. बोळेमामाने आधी खाटेवरची चादर आणली. तिची घडी लांब करून त्या माणसाच्या पाठीमागून घेतली, काखेतून पुढे काढली. मग स्वतः त्याच्याकडे पाठ करून पायरीखाली उकिडवा बसला, त्याला पाठीवर ओढला, चादरीची टोकं आपल्या छातीवर गाठ मारून बांधली. आणि उठला तो कमरेतून नाही, मांड्यांतून. हळूहळू, जमीन ढकलल्यासारखा. एकदा डगमगला, पायरीला हात लावला, पुन्हा उठला. अंगाने कसला, पापडासारखा माणूस. सदऱ्याच्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, कानावर बोळा तसाच.

तो वळणाआड गेला आणि मला वखारीत बसवेना. पण पुढे होऊन हात लावायचीही छाती होईना. मी मागे मागे गेलो, पन्नास पावलांचं अंतर ठेवून. चोरासारखा. खणलेल्या रस्त्याच्या कडेला विजेचे खांब होते. तो खांब मोजत होता, मोठ्याने. पाच खांब झाले की थांबायचा. बसायचा नाही, बसला तर उठणार नाही हे त्याला कळत होतं. भिंत किंवा खडीचा उंच ढीग शोधायचा, पाठ त्याच्याकडे करून त्या माणसाचा भार त्यावर टेकवायचा आणि उभ्याउभ्या दम घ्यायचा. आणि त्याला काहीबाही सांगत राहायचा. काय सांगत होता तर विनोद. माझ्या कानांनी ऐकलंय. "मागच्या आठवड्यात एक जण आला, म्हणतो बोळेमामा, विंचू चावला. म्हटलं कुठे? म्हणतो, शेजारच्यांच्या अंगणात." असले. दवाखान्यातही तो असंच करायचा. जखमेला चिकटलेली पट्टी त्याने कधी खेचली नाही. कोमट मिठाच्या पाण्याने भिजवत बसायचा आणि विनोद सांगायचा. तिसऱ्या विनोदापर्यंत पट्टी हातात आलेली असायची. पोरं हसायची की रडायची ते त्यांनाच कळत नसे.

बावन्न खांब होते. अजून आहे लक्षात.

इस्पितळाच्या फाटकाशी तो गुडघ्यांवर बसला. आतून स्ट्रेचर आलं. चादरीची गाठ घामाने अशी घट्ट झाली होती की सुटेना, शेवटी कात्रीने कापली. तेव्हा मी पुढे झालो आणि त्या माणसाचे पाय धरले. फाटकापासून दारापर्यंत. दहा पावलं. आमच्या गावचा किराणावाला तिथे कुणाला तरी भेटायला आला होता, त्याने ती दहा पावलं बघितली. संध्याकाळपर्यंत गावात झालं होतं, वखारीतल्या पोराने क्षयवाल्याला पाठीवरून नेला. लोकांनी माझी पाठ थोपटली. मी म्हणालो असतो, अहो मी नाही. म्हणालो नाही. वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शाळेत नाव घेतलं. मग उद्या सांगणं आणखी जड झालं. किराणावाल्याने बोळेमामालाच विचारलं, "या पोराने नेला म्हणे?" तो म्हणाला, "होता ना तो." माझ्याकडे बघितलंही नाही. हातातली पट्टी गुंडाळत राहिला.

वर्षभराने तो मजूर बरा होऊन आला, अंगावर मांस घेऊन. भर चौकात माझ्या पाया पडला. त्याला काय ठाऊक, तो तर बेशुद्ध. बोळेमामा समोर सायकलला टेकून उभा होता. त्या दिवसानंतर मी रोज सकाळी दवाखान्यात जाऊन त्याच्याबरोबर पट्ट्या गुंडाळायला लागलो. दोन वर्षं गुंडाळल्या. त्याने मला गाठ कशी मारायची ते शिकवलं, जखम कशी धुवायची ते शिकवलं, चाकाचा विषय कधी काढला नाही. मग त्याची बदली झाली. एक ट्रंक आणि औषधं गुंडाळून आलेल्या जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा, तेवढंच त्याचं सामान. ते मी माझ्याच हातगाडीवर घालून स्टँडवर पोचवलं. तो टपावर ट्रंक चढवताना मी म्हणणार होतो, चाक मोडलेलं नव्हतं. बस सुटली. पुढे तो कुठे गेला, आहे की नाही, मला माहीत नाही. मी शोधलंही नाही. सापडला असता तर काय सांगणार होतो?

एवढं मी एका दमात सांगितलं. इस्त्री गार झाली होती.

नात मनाने अजून त्या चादरीच्या गाठीपाशीच होती. मग म्हणाली, "मांड्यांतून उठला?"

"हो."

"भिंतीला टेकवलं? उभ्यानेच?"

"हो."

"हे आम्हाला कॉलेजात शिकवायला तीन महिने लागले." आणि मग तिचा आवाज बदलला. "मी सहा वर्षं पेशंट उचलतेय, आजोबा. रोज. कंबर दुखायला लागली की मनात म्हणते, आजोबांनी अडीच मैल नेला होता. आणि तुम्ही दारामागे होतात."

"हो."

"काल मॅडमनी विचारलं तेव्हाही."

"हो."

तिने तो अर्धा इस्त्री केलेला गणवेश तसाच अंगात घातला आणि निघून गेली. जाताना नेहमी "येते हं" म्हणते, ते म्हणाली नाही.

पुढचे तीन दिवस तिने मला घड्याळ धरायला सांगितलं नाही. खोलीचं दार लावून मोबाइलवर वेळ लावायची. बाहेर मला तिचं इंग्रजी ऐकू यायचं आणि मोबाइलची किणकिण. ती किणकिण कधी एका मिनिटावर होतेय की दोनवर, हे बाहेरून कळत नव्हतं. जेवायला वाढायची, भाजी हवी का विचारायची. सून म्हणाली, "काय झालंय तुमच्यात?" मी म्हटलं, "अभ्यास." डबा घेऊन क्लासला गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

परीक्षेच्या दिवशी ती एकटीच गेली. दुपारी आली, चप्पल काढली, पाणी प्यायली आणि पाटावर माझ्या समोर बसली.

"तेच आलं," ती म्हणाली. "तेच कार्ड."

"मग? कुणावर बोललीस?"

"पहिल्या बोटावर लिहिलं, ड्रेसर. दुसऱ्यावर अडकले. ओळख कशी? मी तर बघितलाही नाही त्याला. मिनिटातली वीस सेकंदं त्यात गेली. मग लिहिलं, आजोबांचं खोटं."

"असं बोललीस? परक्या माणसासमोर?"

"बोलले. म्हटलं, या माणसाला मी कधी भेटले नाही. माझ्या आजोबांनी त्याची गोष्ट पन्नास वर्षं स्वतःची म्हणून सांगितली, आणि मी ती खरी मानून नर्स झाले. परीक्षक पेन खाली ठेवून ऐकायला लागला. तिसऱ्या बोटावर मी चादर बांधली, खांब मोजले, विंचवाचा विनोदसुद्धा सांगितला. चौथं बोट सुरू केलं आणि त्याने थांबवलं. दोन मिनिटं झाली होती, आजोबा. मला कळलंच नाही."

मला हसावं की काय करावं समजेना. ती मात्र हसत नव्हती.

"थांबवल्यावर त्याने एक प्रश्न विचारला. ही खरी गोष्ट आता बाकी कुणाला माहीत आहे का?"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, नाही. अजून नाही."

पाच दिवसांनी निकाल लागला. बोलण्यात साडेसात. तिच्या आईने शेजारीपाजारी फोन केले, मुलाने सुट्टी काढली. नातीने मला नमस्कार केला तेव्हा मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण माझा हात नीट बसला नाही. ती उठून म्हणाली, "सोमवारी माझा क्लासचा शेवटचा दिवस. तुम्ही येताय."

"डबा घेऊन?"

"डबा नको."

गेलो. जिन्यात चपला तशाच. वीस पोरं. मॅडमनी माझ्यासाठी पुढची खुर्ची मांडली होती. नात मागच्या बाकावर जाऊन बसली, माझ्या जागेवर. मी उभा राहिलो. आयुष्यभर बोलत आलेला माणूस मी, पंगतीत बोलणारा, न्हाव्याकडे बोलणारा, आणि मला पहिला शब्द सापडेना. मॅडम हळूच म्हणाल्या, "पहिलं बोट, आजोबा. कोण?"

"बोळेमामा," मी म्हणालो. "त्या दिवशी मी तुम्हाला हो म्हणालो, ते खोटं होतं. टाळ्या त्याच्या होत्या."

आणि सगळं सांगितलं. चाक मोडलंय, हेही. फटीतून बघितलं, हेही. मजूर पाया पडला, तेही. कुणी टाळी वाजवली नाही. कुणी हसलं नाही, विंचवाच्या विनोदालाही नाही.

मग तो बाकावर गुडघा टेकवणारा पोरगा, मला छुपे रुस्तम म्हणालेला, त्याने हात वर केला. चिडलेला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "आजोबा, पण तुम्ही का गेला नाहीत? पाय तर तुमचे चांगले होते."

मी मागच्या बाकाकडे बघितलं. नात माझ्याकडेच बघत होती. हसत नव्हती, पण त्या सकाळसारखं तोंडही फिरवलेलं नव्हतं.

"घाबरलो," मी म्हणालो. "मला होईल म्हणून घाबरलो. दुसरं काही कारण नाही."

पोराने मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.